बेरजेचा क्रम आणि रिफ्रेश

एक्सेलमध्ये नवे पिव्हट टेबल तयार झाले की त्यातली नावे वर्णानुक्रमाने लागतात. गावांची यादी असेल तर कराड वर आणि सातारा खाली, मग विक्री कुठेही कितीही झालेली असो. वाचणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा दुसराच क्रम हवा असतो. सर्वांत मोठी बेरीज सगळ्यात वर आणि मग उतरत खाली. हा क्रम लावणे दोन क्लिकचे काम आहे. अडचण पुढच्या महिन्यात येते. मूळ नोंदींत भर पडते, टेबल रिफ्रेश होते आणि क्रम कधी आपोआप बदलतो, कधी जुनाच राहतो, तर कधी नवे नाव सगळ्यात तळाशी जाऊन बसते. या तिन्ही गोष्टींमागे एकच कारण आहे. पिव्हट टेबल क्रमाबाबत दोनपैकी एक गोष्ट लक्षात ठेवते, एकतर क्रमाचा नियम, नाहीतर नावांची रांग. यांपैकी काय लक्षात ठेवले आहे, त्यावर रिफ्रेशनंतर काय दिसणार ते ठरते.

समजा, एक महिला बचत गट लोणचे, पापड आणि मसाला तयार करून चार गावांतल्या दुकानांना देतो. गटाच्या हिशेबाच्या शीटमध्ये प्रत्येक विक्रीची एक ओळ आहे आणि रकाने चार, तारीख, गाव, माल, रक्कम. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांच्या नोंदींवरून पिव्हट टेबल केले. ओळींत गाव, स्तंभांत माल आणि किमतींच्या जागी रकमेची बेरीज घेतली, तर पुढचे चित्र दिसते.

| गाव | लोणचे | पापड | मसाला | एकूण |
|---|---|---|---|---|
| कराड | 9,000 | 7,000 | 10,000 | 26,000 |
| कोल्हापूर | 18,000 | 9,000 | 21,000 | 48,000 |
| सांगली | 12,000 | 11,000 | 16,000 | 39,000 |
| सातारा | 14,000 | 16,000 | 12,000 | 42,000 |
| एकूण | 53,000 | 43,000 | 59,000 | 1,55,000 |

क्रम कसा लावायचा

एकूण बेरजेप्रमाणे गावे लावायची तर उजवीकडच्या एकूण रकान्यातल्या एखाद्या गावाच्या आकड्यावर, उदाहरणार्थ कराडच्या 26,000 वर, राइट क्लिक करायचे, ‘Sort’ निवडायचे आणि त्यातून ‘Sort Largest to Smallest’. लगेच कोल्हापूर 48,000, सातारा 42,000, सांगली 39,000 आणि कराड 26,000 असा उतरता क्रम लागतो. आकडा कोणत्या गावाचा निवडला याने काही फरक पडत नाही. तो कोणत्या रकान्यातला आहे याने मात्र पडतो.

मसाल्याच्या रकान्यातल्या आकड्यावर राइट क्लिक करून हीच आज्ञा दिली तर क्रम कोल्हापूर, सांगली, सातारा, कराड असा येतो. कारण मसाल्यात सांगलीचे 16,000 आहेत आणि साताऱ्याचे 12,000. उजवीकडच्या एकूण रकान्याकडे पाहणाऱ्याला मात्र 39,000 हे 42,000 च्या वर दिसतात आणि टेबल चुकले असे वाटते. टेबल बरोबरच असते, फक्त क्रम एकूण बेरजेवर नव्हे तर एका मालाच्या बेरजेवर लागलेला असतो. आणखी एक गफलत तळाच्या एकूण ओळीत होते. तिथल्या आकड्यावर सॉर्ट केले तर गावे जागची हलत नाहीत, स्तंभ हलतात. आधी मसाला, मग लोणचे, मग पापड.

नियम कुठे साठतो

हा क्रम लावताना एक्सेलने नुसत्या ओळी वरखाली केलेल्या नसतात. साध्या शीटमध्ये सॉर्ट केले की काम तिथेच संपते. नंतर आकडे बदलले तरी ओळी जिथल्या तिथे राहतात. पिव्हट टेबलमध्ये त्याच आज्ञेने ‘गाव’ या फील्डला एक कायमची सूचना चिकटते, ती अशी की ही गावे रकमेच्या बेरजेप्रमाणे उतरत्या क्रमाने लाव. सूचना फाइलबरोबर सेव्ह होते आणि टेबल नव्याने मांडले जाईल त्या प्रत्येक वेळी पुन्हा लागू होते.

ती सूचना डोळ्यांनी पाहता येते. एखाद्या गावाच्या नावावर क्लिक करून ‘Row Labels’ शेजारचा बाण उघडला की त्यात ‘More Sort Options’ ही ओळ असते. तिच्यातून उघडणाऱ्या चौकटीत तीन पर्याय दिसतात. ‘Manual’, ‘Ascending (A to Z) by’ आणि ‘Descending (Z to A) by’. शेवटच्या दोघांखाली एक यादी असते. त्या यादीत ‘गाव’ निवडले तर क्रम नावावरून लागतो आणि ‘Sum of रक्कम’ निवडले तर बेरजेवरून. A to Z हे शब्द वाचून हा पर्याय फक्त अक्षरांसाठी आहे असा समज होतो, पण बेरजेचा उतरता क्रमही याच ‘Descending’ मध्ये राहतो. चौकटीच्या तळाशी ‘Summary’ या मथळ्याखाली चालू नियम एका वाक्यात लिहिलेला असतो. क्रमाबद्दल शंका आली की सर्वांत आधी हे वाक्य वाचावे.

याच चौकटीतले ‘More Options’ हे बटण दाबले की दुसरी चौकट उघडते. तिच्यात वरच ‘Sort automatically every time the report is updated’ अशी खूण करायची जागा असते. खूण आहे म्हणजे नियम जागा आहे. खूण काढली म्हणजे आत्ता दिसतो तो क्रम तसाच राहील, पण पुढच्या वेळी कोणी तो तपासणार नाही. खाली ‘Grand Total’ आणि ‘Values in selected column’ असे दोन पर्याय असतात. मसाल्याच्या रकान्यावरून क्रम लागलेला असेल तर दुसरा पर्याय निवडलेला दिसतो आणि त्यात त्या रकान्यातल्या एका सेलचा पत्ता असतो. सांगली वर का गेली याचा उलगडा इथे होतो. पुन्हा एकूण बेरजेवर यायचे तर ‘Grand Total’ निवडले की पुरे.

जूनच्या नोंदी आल्यावर

आता जून महिना येतो. कोल्हापूरला 5,000, साताऱ्याला 4,000, सांगलीला 11,000 आणि कराडला 6,000 रुपयांचा माल जातो. शिवाय वाईच्या एका दुकानदाराची पहिलीच मोठी ऑर्डर येते, 35,000 रुपयांची. नोंदी शीटमध्ये भरल्या तरी पिव्हट टेबल सहसा स्वतःहून हलत नाही, कारण ते मूळ शीटवर नव्हे तर फाइलमध्ये साठवलेल्या नोंदींच्या एका प्रतीवर चालते. रिफ्रेश म्हणजे ती प्रत नव्याने घेणे. टेबलमध्ये कुठेही क्लिक करून `Alt+F5` दाबले की ते एक टेबल रिफ्रेश होते, `Ctrl+Alt+F5` ने फाइलमधली सगळी.

बेरजेचा नियम जागा असेल तर रिफ्रेशनंतर क्रम असा होतो. कोल्हापूर 53,000, सांगली 50,000, सातारा 46,000, वाई 35,000, कराड 32,000. सांगलीने साताऱ्याला मागे टाकले आणि नवी आलेली वाई थेट चौथ्या जागी गेली. कोणीही काहीही सॉर्ट केलेले नाही. नियम होता, तो नव्या बेरजांवर पुन्हा चालला.

नियम नसेल, म्हणजे फील्ड ‘Manual’ वर असेल, तर त्याच आकड्यांसह क्रम कोल्हापूर, सातारा, सांगली, कराड, वाई असा दिसतो. जुनी चार गावे मे अखेरच्या रांगेत उभी आहेत आणि ओळख नसलेले नवे नाव रांगेच्या शेवटी लागले आहे. नवे नाव तळाशी जाणे हीच ‘Manual’ ची खात्रीची खूण. 35,000 च्या वर 32,000 दिसत असतील आणि 35,000 वाले नाव नुकतेच आलेले असेल तर आणखी काही शोधायची गरज नाही.

‘Manual’ वर कोणी मुद्दाम गेलेले असतेच असे नाही. क्रम लावल्यानंतर एखाद्या गावाचे नाव माउसने ओढून वर नेले, तर तेवढ्याने नियम सुटतो आणि फील्ड ‘Manual’ होते. नावाच्या सेलमध्ये यादीतलेच दुसरे नाव टाइप केले तरी ते गाव तिथे सरकते आणि तोच परिणाम होतो. कोणताही इशारा येत नाही. त्या दिवशी टेबल ठीकच दिसते, चूक पुढच्या रिफ्रेशला उघडी पडते. नियम परत लावायला पुन्हा एकदा बेरजेवर राइट क्लिक करून उतरता क्रम द्यावा लागतो.

गावाच्या आत माल

माल स्तंभांत न ठेवता गावाच्या खाली ओळींत ठेवला, तर दोन पातळ्या तयार होतात आणि प्रत्येक पातळीचा नियम वेगळा असतो. गावाच्या बेरजेवर राइट क्लिक करून उतरता क्रम दिला की फक्त गावे हलतात. कोल्हापूरच्या आतला माल पूर्वीसारखाच राहतो. आतल्या एखाद्या मालाच्या आकड्यावर तीच आज्ञा दिली की माल हलतो आणि तोही सगळ्या गावांत एकदमच, पण प्रत्येक गावात तिथल्या आकड्यांप्रमाणे. मे अखेरच्या आकड्यांत कोल्हापूरमध्ये मसाला, लोणचे, पापड असा क्रम येतो, तर साताऱ्यात पापड, लोणचे, मसाला.

म्हणून दोन पातळ्यांच्या टेबलला दोनदा सॉर्ट करावे लागते, एकदा बाहेरच्या बेरजेवर आणि एकदा आतल्या आकड्यावर. पहिले केले, दुसरे राहिले, तर गावे रिफ्रेशनंतर नीट लागतात आणि माल मात्र जुन्या रांगेत राहतो. ‘More Sort Options’ ची चौकटही एका वेळी एकाच फील्डची असते. बाण उघडल्यावर वर ‘Select field’ मध्ये कोणते नाव आहे ते पाहूनच पुढे जावे.

फिल्टर लागला की

नियम फक्त रिफ्रेशच्या वेळी चालतो असे नाही. फिल्टर किंवा स्लायसर वापरून फक्त जून महिना निवडला तरी टेबल नव्याने मांडले जाते आणि क्रम जूनच्या बेरजांवर लागतो. वाई 35,000, सांगली 11,000, कराड 6,000, कोल्हापूर 5,000, सातारा 4,000. तिमाहीत पहिले असलेले कोल्हापूर इथे चौथे आहे. ‘Sum of रक्कम’ म्हणजे त्या क्षणी टेबलात धरलेल्या नोंदींची बेरीज, सगळ्या नोंदींची नव्हे. फिल्टर काढला की क्रम पूर्ववत होतो.

पहिली काही नावे दाखवणारा ‘Top 10’ हा फिल्टर मात्र क्रमाशी संबंधित नाही. तो कोणती नावे ठेवायची एवढेच ठरवतो. निवडलेली नावे कोणत्या क्रमाने उभी राहणार हे सॉर्टचा नियमच सांगतो, म्हणून पहिली तीन गावे निवडूनही ती वर्णानुक्रमाने दिसू शकतात.

नियम बरोबर, तरी क्रम चुकीचा

काही वेळा ‘Summary’ मधले वाक्य अगदी बरोबर असते, तरी क्रम पटत नाही. अशा वेळी दोष सॉर्टमध्ये नसतो, बेरजेत असतो, आणि तो मूळ नोंदींत शोधावा लागतो.

पहिला दोष नव्या ओळी टेबलापर्यंत न पोहोचण्याचा. पिव्हट टेबल करताना A1 पासून D240 पर्यंतचा भाग दिलेला असेल आणि जूनच्या नोंदी 241 व्या ओळीपासून सुरू होत असतील, तर कितीही वेळा रिफ्रेश केले तरी त्या बेरजेत येणार नाहीत. एकूण बेरीज 1,55,000 वरून हलतच नाही, यावरून हा दोष लगेच ओळखता येतो. त्यावर कायमचा उपाय म्हणजे मूळ नोंदी निवडून `Ctrl+T` ने त्यांचे एक्सेल टेबल करणे आणि ‘PivotTable Analyze’ मधल्या ‘Change Data Source’ मध्ये त्या टेबलाचे नाव देणे. अशा टेबलाखाली लगेच लिहिलेली नवी ओळ त्यातच सामील होते आणि पुढच्या रिफ्रेशला बेरजेत येते.

दुसरा दोष रक्कम लिहिण्याच्या सवयीतून येतो. पावतीवर लिहितात तसे कोणी सेलमध्ये ‘18000/-’ लिहिले, तर एक्सेलच्या लेखी तो आकडा नसून मजकूर आहे. बेरजेत त्याची किंमत शून्य धरली जाते. कोल्हापूरची एक मोठी नोंद अशी लिहिलेली असेल तर ते गाव उगाच खाली घसरते. शिवाय रकान्यात मजकूर सापडला की एक्सेल बेरजेऐवजी मोजणी घेऊ शकते. मग मथळ्यात ‘Sum of रक्कम’ च्या जागी ‘Count of रक्कम’ येते आणि क्रम रकमेवर नव्हे तर नोंदींच्या संख्येवर लागतो. छोट्या छोट्या वीस पावत्यांचे गाव एका मोठ्या ऑर्डरीच्या गावाच्या वर जाते. नुसते ‘Value Field Settings’ मध्ये जाऊन ‘Sum’ निवडल्याने भागत नाही, मूळ सेलमधली ती रेघ आणि तिरपी खूण काढून निव्वळ आकडा ठेवावा लागतो.

तिसरा दोष नावांचा. एका नोंदीत ‘सातारा’ आणि दुसरीत ‘सातारा’ च्या पुढे एक मोकळी जागा असेल, तर डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण टेबल त्यांना दोन गावे समजते. बेरीज दोघांत विभागली जाते आणि दोन्ही वाटे खाली जातात. यादीत एकच नाव दोनदा दिसले की हा दोष समजावा.

टेबलाशेजारी लिहिलेले

क्रम आपोआप बदलतो याचा एक परिणाम टेबलाबाहेर होतो. समजा, मे अखेर कोणी टेबलाच्या उजवीकडच्या मोकळ्या रकान्यात साताऱ्याच्या ओळीसमोर ‘उधारी बाकी’ असे लिहून ठेवले. जूनच्या रिफ्रेशनंतर त्या ओळीत सांगली आली. शेरा सेलमध्ये आहे, गावाशी त्याचे काही नाते नाही, त्यामुळे तो जागीच राहिला आणि आता सांगलीची उधारी बाकी दिसू लागली. टेबलाला चिकटून हाताने काहीही लिहू नये, शेरा हवाच असेल तर तो मूळ नोंदींत वेगळ्या रकान्यात असावा.

सूत्रांचेही तेच. दुसऱ्या शीटवर साताऱ्याची बेरीज आणण्यासाठी नुसता `=E6` असा सेलचा पत्ता दिला, तर क्रम बदलल्यावर तिथे भलत्याच गावाचा आकडा येतो. `GETPIVOTDATA` हे सूत्र पत्त्यावरून नव्हे तर नावावरून आकडा शोधते.

```
=GETPIVOTDATA("रक्कम",$A$3,"गाव","सातारा")
```

इथे `$A$3` हा पिव्हट टेबलातला कोणताही एक सेल. सातारा दुसऱ्या जागेवरून तिसऱ्या जागी गेला तरी हे सूत्र 42,000 च्या जागी 46,000 च आणते, सांगलीचे 50,000 नाही.

क्रम गोठवायचा असेल तर

कधी कधी उलटेच हवे असते. मे अखेरच्या अहवालातला गावांचा क्रम जूनच्या अहवालातही तसाच राहावा, म्हणजे दोन कागद शेजारी ठेवून ओळीसमोर ओळ वाचता यावी. तेव्हा नियम नको, रांग हवी. आधी बेरजेप्रमाणे उतरता क्रम लावायचा आणि मग ‘More Sort Options’ मध्ये जाऊन ‘Manual’ निवडायचे. दिसत असलेली रांग तशीच राहते, रिफ्रेशनंतर आकडे नवे येतात, जागा जुन्याच. वाईसारखे नवे नाव शेवटी येते आणि हवे असल्यास ओढून योग्य जागी नेता येते.

ही रांग त्या एका टेबलापुरतीच असते. त्याच नोंदींवरून दुसरे पिव्हट टेबल केले तर ते पुन्हा वर्णानुक्रमाने सुरू होते. अनेक टेबलांत एकच ठरीव क्रम हवा असेल तर कस्टम लिस्टचा मार्ग आहे. ‘File’, ‘Options’, ‘Advanced’ या वाटेने ‘Edit Custom Lists’ उघडायचे आणि तिथे गावे हव्या त्या क्रमाने लिहायची. त्यानंतर गाव फील्डला नावाप्रमाणे चढता क्रम दिला की एक्सेल वर्णानुक्रमाऐवजी ही यादी पाळते आणि यादीत नसलेली नावे शेवटी लावते. त्यासाठी ‘PivotTable Options’ मधल्या ‘Totals & Filters’ या पानावर ‘Use Custom Lists when sorting’ ही खूण असावी लागते. कस्टम लिस्टचा परिणाम नावावरून लावलेल्या क्रमावरच होतो. फील्डवर बेरजेचा नियम असेल तर ती यादी विचारात घेतली जात नाही.

बेरजेचा नियम आणि गोठवलेली रांग एकाच फील्डवर एकाच वेळी नांदू शकत नाहीत. दोन्ही हव्या असतील तर त्याच नोंदींवरून दोन पिव्हट टेबले करावीत, एकात उतरत्या बेरजेचा नियम आणि दुसऱ्यात ‘Manual’. `Ctrl+Alt+F5` ने दोन्ही एकदमच रिफ्रेश होतात. जूनअखेर पहिल्यात सांगली दुसरी दिसते आणि दुसऱ्यात सातारा दुसराच राहतो, आणि आकडे मात्र दोन्हीकडे तेच असतात.